आधी विचारा, भांड्यातून पुढे गेलं काय?

*मी खानापूरची, बेळगावात हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला आहे. क्रूझवरच्या नोकरीसाठी अमेरिकन फूड सेफ्टीची परीक्षा द्यायची आहे. सराव चाचण्यांत बाकी सगळं जमतं, ॲलर्जनच्या प्रश्नांत मात्र हमखास मार्क जातात. क्रॉस-कॉन्टॅक्ट आणि क्रॉस-कंटॅमिनेशन हे दोन्ही पर्याय मला बरोबरच वाटतात. भांडं विसळून सॅनिटाइझ केलंय असं प्रश्नातच लिहिलेलं असतं, तरी "काही धोका नाही" हे उत्तर चुकीचं निघतं. आमच्या ट्रेनिंगच्या किचनमध्ये सगळे दोन्हीला नुसतं "क्रॉस झालं" म्हणतात. हे वेगळं ओळखायचं कसं?*
*— एक विद्यार्थिनी, खानापूर*

"क्रॉस झालं" हे कामाच्या गडबडीत चालून जातं, कारण दोन्ही वेळा ताट मागेच घ्यायचं असतं. पेपरात मात्र नावावरून पुढचं सगळं ठरतं. भांडं कशाने साफ करायचं, पदार्थ शिजवून भागेल का, तो वाचवता येईल की टाकून द्यायचा, हे पुढचे पर्याय त्या एका नावावर उभे असतात. म्हणून प्रश्न वाचताना नाव शोधू नका. भांड्यातून, हातातून किंवा तेलातून पुढच्या पदार्थात गेलं ते काय होतं, एवढंच विचारा.

जंतू गेले असतील तर ते क्रॉस-कंटॅमिनेशन. कच्च्या चिकनचं पाणी फ्रिजमधल्या खालच्या कोशिंबिरीत ठिबकलं आणि त्यातून साल्मोनेला गेला, हे त्याचं नेहमीचं उदाहरण. ॲलर्जीला कारण ठरणारं प्रथिन, म्हणजे ॲलर्जन, गेलं असेल तर ते क्रॉस-कॉन्टॅक्ट. शेंगाच्या चटणीचा चमचा न धुता दह्यात घातला, की दह्यात शेंगदाण्याचं प्रथिन गेलं. पहिल्या गोष्टीने कोणीही आजारी पडू शकतो. दुसरीने ज्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्याचाच घसा सुजेल, शेजारचा माणूस तेच दही मजेत खाईल.

आता ज्यावर बहुतेकांचे मार्क जातात ती गोष्ट. जंतू जिवंत असतात, म्हणून ते मरतात. प्रथिन जिवंत नसतं, त्यामुळे त्याला मारण्याचा प्रश्नच येत नाही. ते धुऊन, घासून तिथून काढावंच लागतं. चिकन आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला, म्हणजे १६५ फॅरनहाइटला पोचलं की साल्मोनेला मरतो. शेंगदाणा कढईत खरपूस भाजला तरी त्याचं ॲलर्जन जात नाही, उलट कोरड्या भाजण्याने ते काही बाबतींत जास्त त्रासदायक होतं. सॅनिटायझरचंही तसंच आहे. क्लोरीनचं पाणी जंतू मारण्यासाठी बनवलेलं असतं, चिकटलेलं प्रथिन उचलून नेण्यासाठी नाही. फ्रिज जंतूंची वाढ रोखतो, ॲलर्जनवर त्याचा काही परिणाम होत नाही. आणि जंतू वेळ मिळाला की वाढतात, ॲलर्जन जेवढं पडलं तेवढंच राहतं. म्हणून प्रश्नात "चार तास बाहेर राहिलं" असं आलं की तो बहुधा जंतूंचा प्रश्न असतो.

तुम्हाला अडवणारा प्रश्न साधारण असा असतो:

*एका पाहुण्याने वेटरला शेंगदाण्याची ॲलर्जी असल्याचं सांगितलं आहे. स्वयंपाक्याने मिक्सरच्या भांड्यात शेंगदाण्याचं कूट केलं. मग ते भांडं पाण्याने विसळलं, सॅनिटायझरमध्ये बुडवलं आणि त्यातच पाहुण्यासाठी कोथिंबीर-मिरचीची चटणी वाटली. चटणीत शेंगदाणे नाहीत. काय घडलं? अ) क्रॉस-कंटॅमिनेशन. ब) क्रॉस-कॉन्टॅक्ट. क) वेळ आणि तापमानाची चूक. ड) काही नाही, कारण भांडं सॅनिटाइझ केलं होतं.*

"ड" हे मुद्दाम मांडलेलं आमिष आहे. "सॅनिटाइझ" हा शब्द वाचताच आपण ते भांडं स्वच्छ धरून चालतो. प्रत्यक्षात काय झालं ते बघा. कुटात तेल असतं. ते भांड्याच्या आतल्या कडेला आणि पात्याखालच्या रबरी रिंगपाशी पातळ थर धरून बसतं, आणि शेंगदाण्याचे बारीक कण त्या तेलात रुतून राहतात. नुसत्या पाण्याने तेल सुटत नाही. साबणाशिवाय ते भांडं धुतलंच गेलं नाही. मग सॅनिटायझर आला, तो जंतूंवर काम करणारा. कण जिथे होते तिथेच राहिले आणि चटणीत मिसळले. पुढे गेलं ते प्रथिन, म्हणून उत्तर "ब".

ही चटणी नंतर रश्श्यात घालून दहा मिनिटं उकळली असं प्रश्नात असतं तरी उत्तर "ब"च राहिलं असतं. उकळण्याचा उल्लेख तिथे गोंधळ उडवण्यासाठीच टाकतात.

हाच प्रश्न एकेक शब्द बदलून सोडवून पाहा. शंभर वेगवेगळे प्रश्न सोडवण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं, कारण पेपर काढणारेही तेच करतात.

समजा कुटाऐवजी त्या भांड्यात कबाबसाठी कच्चा मटणखिमा वाटला होता. बाकी सगळं तसंच, पाहुण्याला शेंगदाण्याचीच ॲलर्जी. आता ॲलर्जीचा उल्लेख असूनही उत्तर "अ" होतं. मटण अमेरिकन यादीतलं ॲलर्जन नाही, आणि पाहुण्याची ॲलर्जी शेंगदाण्याची, जो इथे कुठेच नाही. पुढे गेले ते कच्च्या मांसातले जंतू. इथेही सॅनिटायझर वाचवत नाही, पण कारण वेगळं आहे. खिम्याची चरबी आणि प्रथिनं भांड्याला चिकटलेली असताना क्लोरीन त्यांच्यावरच खर्ची पडतं, जंतूंपर्यंत पुरेसं पोचतच नाही. आधी धुवा, मग विसळा, मग सॅनिटाइझ करा, हा क्रम त्यासाठीच आहे.

आता उलटं करू. भांड्यात कूटच केलं. स्वयंपाक्याने रबरी रिंग काढली, गरम साबणाच्या पाण्यात भांडं, पातं, झाकण आणि रिंग घासली, वाहत्या पाण्याखाली नीट विसळली. सॅनिटाइझ करायचं मात्र राहिलं. इथे क्रॉस-कॉन्टॅक्ट झाला असं म्हणता येत नाही, कारण प्रथिन साबणाबरोबर गेलं. प्रश्न "कोणती पायरी चुकली" असा असेल तर उत्तर सॅनिटाइझ करणं, आणि ती चूक जंतूंच्या बाजूची. हे प्रश्न जोडीने समजले की बाकीचे सोपे जातात. धुण्याने ॲलर्जन जातं, सॅनिटाइझ करण्याने जंतू मरतात, आणि भांडं दोन्ही दृष्टींनी सुरक्षित हवं असेल तर दोन्ही लागतं. अमेरिकन फूड कोडप्रमाणे हाताने भांडी धुण्याचं साबणाचं पाणी किमान ४३ अंश सेल्सिअस, म्हणजे ११० फॅरनहाइट असावं लागतं. शेवटी भांडं फडक्याने पुसायचं नाही, हवेवर वाळू द्यायचं. फडकं पुसतं कमी आणि नेतं जास्त. ॲलर्जनच्या प्रश्नात "फडक्याने पुसलं" असं दिसलं की ते बहुतेक वेळा चुकीच्या कृतीचं वर्णन असतं.

हातांचा प्रश्नही याच नियमाने सुटतो. कूट चिवडलेल्या हातांना जेलचा सॅनिटायझर लावला तर प्रथिन हातभर पसरतं, निघत नाही. साबण आणि पाणीच लागतं. हातमोजे घातले होते म्हणून धोका टळला, हा पर्यायही फसवा. कुटाला लागलेला मोजा चमच्याइतकाच ॲलर्जन नेतो. मोजे काढायचे, हात धुवायचे, नवे मोजे घालायचे.

आता तळणीकडे येऊ, कारण आपल्याकडच्या स्वयंपाकघरात क्रॉस-कॉन्टॅक्टची सगळ्यात मोठी जागा तीच आणि पेपरातही ती वारंवार येते. एकाच कढईत आधी मैद्याचं पीठ लावलेले मासे तळले, मग त्याच तेलात बेसनाची मिरची भजी. पाहुण्याला गव्हाची ॲलर्जी आहे. बेसनात गहू नाही, म्हणून भजी चालतील असं वाटतं. पण मैद्याचे आणि माशाचे कण तेलात तरंगत असतात. १८० अंशांच्या तेलात जंतू क्षणात मरतात, म्हणून इथे क्रॉस-कंटॅमिनेशन असं उत्तर देण्यात अर्थ नाही. प्रथिन मात्र टिकतं, आणि भज्याच्या सालीला चिकटून वर येतं. तेल गाळून घेतलं तरी सगळे कण निघत नाहीत. उत्तर क्रॉस-कॉन्टॅक्ट, आणि उपाय विचारला तर वेगळी कढई आणि वेगळं तेल. "तेल जास्त तापवणे" आणि "तेल गाळणे" हे दोन्ही पर्याय चुकीचे.

तेलाबाबत आणखी एक खाच आहे. अमेरिकेच्या २००४ च्या ॲलर्जन लेबलिंग कायद्यात खूप शुद्ध केलेल्या तेलाला, म्हणजे कारखान्यात पूर्ण रिफाइन केलेल्या शेंगदाणा तेलालासुद्धा, ॲलर्जन धरलेलं नाही, कारण त्यात प्रथिन जवळजवळ उरत नाही. घाण्याचं तेल मात्र तसं नसतं. त्याचा वासच सांगतो की शेंगदाण्याचं बरंच काही त्यात उतरलंय. घाण्याच्या तेलाचा थेंब ॲलर्जीवाल्याच्या ताटात चुकून उडाला तर तो क्रॉस-कॉन्टॅक्टच. रिफाइंड तेलाची सूट परीक्षेपुरती लक्षात ठेवा, पण पाहुण्यासमोर तिच्या भरवशावर राहू नका. तेलाचा प्रकार विचारून सांगणं हेच बरोबर.

दोन्ही एकदम घडतात अशी एक जागा आहे, आणि गोव्याच्या बाजूच्या हॉटेलांत काम केलेल्यांना ती पटकन समजेल. पाटावर कच्ची कोळंबी सोलली आणि तो न धुता त्यावरच कोशिंबिरीची काकडी चिरली. कच्च्या कोळंबीवर व्हिब्रिओसारखे जंतू असतात, ते काकडीत गेले. कोळंबीतलं ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिनही गेलं, आणि कवचाच्या जलचरांच्या ॲलर्जीला मुख्यतः तेच कारण असतं. काकडी कच्चीच खायची आहे, त्यामुळे जंतूंचाही बंदोबस्त पुढे होणार नाही. खरं उत्तर "दोन्ही". पण प्रश्नात "दोन्ही" असा पर्याय नसेल तर?

मग वाक्यात पाहुणा कोण आहे ते बघा. "कोळंबीची ॲलर्जी असलेल्या पाहुण्यासाठी" असं असेल तर परीक्षकाला क्रॉस-कॉन्टॅक्ट हवंय. पाहुण्याचा उल्लेखच नाही आणि "कच्ची" या शब्दावर भर आहे, तर क्रॉस-कंटॅमिनेशन. आणि कोळंबी उकडलेली, सोललेली, जेवणासाठी तयार होती असं असेल तर जंतूंचा मुद्दा बराच मागे पडतो, पण ट्रोपोमायोसिन उष्णतेला दाद देत नाही, म्हणून क्रॉस-कॉन्टॅक्ट उरतो. प्रश्नातला "कच्चं" हा शब्द जंतूंकडे बोट दाखवतो. "भाजलेलं", "तयार", "शिजवलेलं" हे शब्द ॲलर्जनकडे.

ही खूण सगळीकडे चालत नाही. अमेरिकन यादीत नऊ ॲलर्जन आहेत: दूध, अंडी, मासे, कवचाचे जलचर, झाडावरचे कठीण कवचाचे सुके मेवे, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि तीळ. तीळ १ जानेवारी २०२३ पासून आले, त्यामुळे जुन्या सराव पुस्तकात आठच सापडतील, आणि भोगीच्या भाकरीवरचे तीळ त्यात ॲलर्जन ठरणार नाहीत. या नऊंपैकी विशेषतः अंडी, मासे आणि कवचाचे जलचर हे तिघे कच्चे असताना जंतूंचेही वाहक असतात. या तिघांवरचा प्रश्न आला की दोनदा वाचा. भाजलेले शेंगदाणे, काजू, ब्रेडचे तुकडे आणि चीज यांच्याबाबत हा गोंधळ सहसा होत नाही.

एक सवय मात्र टाळा. अनेक जण उष्णतेलाच व्याख्या करून टाकतात, शिजवून धोका गेला तर कंटॅमिनेशन, नाही गेला तर कॉन्टॅक्ट. हा धडा अर्धाच खरा आहे. हाताच्या जखमेतून स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू अन्नात गेला आणि अन्न बाहेर पडून राहिलं, तर तो विष तयार करतो. मग अन्न उकळलं की जंतू मरतात, पण विष उरतं, आणि उलट्या होतात. इथे शिजवून धोका गेला नाही, तरी हे क्रॉस-कंटॅमिनेशनच, कारण सुरुवातीला पुढे गेले होते ते जंतू. दुसऱ्या बाजूने, दुधाची किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या काही जणांना केकसारख्या भरपूर भाजलेल्या पदार्थातलं दूध-अंडं सोसतं. पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं. स्वयंपाकघरात किंवा पेपरात "भाजलंय, चालेल" हे उत्तर कधीच बरोबर नसतं. उष्णता कामाची खूण आहे, पण व्याख्या गेलेल्या गोष्टीवरूनच करायची.

आता तिसरा गट. तुमच्या चुकलेल्या प्रश्नांपैकी काही बहुधा इथले असतील. काही प्रश्नांत ॲलर्जन ताटात पोचलेलं असतं, ॲलर्जीवाल्या माणसाला त्रासही होतो, तरी ते क्रॉस-कॉन्टॅक्ट नसतं. क्रॉस-कॉन्टॅक्टमध्ये ॲलर्जन नकळत आलेलं असतं, पाककृतीत नसताना. भरल्या वांग्याच्या मसाल्यात शेंगदाण्याचं कूट घातलंच जातं. वेटरने ते पाहुण्याला सांगितलं नाही, तर चूक संवादाची. भांड्यातून काहीच उडालेलं नाही.

सगळ्यात फसवं उदाहरण हिंगाचं. बाजारात मिळणारा बांधणी हिंग निव्वळ हिंग नसतो. त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, आणि ते पीठ बरेचदा गव्हाचं असतं. गव्हाची ॲलर्जी असलेल्या पाहुण्याला आमटी दिली. आमटीत डाळ, मीठ, हळद आणि फोडणीला चिमूटभर हिंग. स्वयंपाक्याने डबीवरचं लेबल वाचलं नाही. प्रश्न आला की बहुतेक जण क्रॉस-कॉन्टॅक्ट लिहितात. पण गहू हिंगाबरोबर मुद्दाम टाकला गेला, फक्त तो दिसत नव्हता. हे लपलेलं किंवा न सांगितलेलं ॲलर्जन. उपायही वेगळा: इथे भांडी धुऊन काही होत नाही, लेबल वाचावं लागतं, आणि बिनगव्हाचा हिंग आणावा लागतो.

कारखान्यात तयार होणाऱ्या मालाच्या प्रश्नातही हाच फरक लावा. गोकाकच्या करदंटात सुकामेवा असतो, म्हणून पाकिटावर तो घटक म्हणून लिहायलाच हवा. न लिहिला तर ती लेबलची चूक. पण त्याच कढईत, त्याच सुरीने आधी करदंट कापून मग साधी गुळपापडी केली, आणि तिच्यात काजूचा चुरा गेला, तर तो क्रॉस-कॉन्टॅक्ट. "अमुकचे अंश असू शकतात" अशी जी सूचना पाकिटावर असते ती या दुसऱ्या शक्यतेसाठी. ती सूचना दिली म्हणून धुण्याची जबाबदारी सुटत नाही, हेही पर्यायांत विचारतात.

साठवणीचा प्रश्न आला की दोन्हीकडचा नियम सारखा दिसतो, कारण दोन्हींत वरून खाली पडण्याची भीती असते. फ्रिजमध्ये कच्चं चिकन खाली आणि तयार पदार्थ वर, हे जंतूंसाठी. कोरड्या कोठारात मैद्याचं पोतं ज्वारीच्या पिठाच्या डब्यावर ठेवायचं नाही, हे ॲलर्जनसाठी. मैद्याची धूळ उडते आणि उघड्या डब्यात बसते. ठिबकणारं काही असेल तर चिकनचा विचार करा, उडणारं काही असेल तर पिठाचा. जांभळा पाट, जांभळी सुरी असं प्रश्नात आलं तर तो ॲलर्जनसाठी राखून ठेवलेला संच समजा. लाल, हिरवे असे बाकीचे रंग कच्च्या-तयार पदार्थांच्या वाटणीसाठी असतात.

एक गोष्ट पेपरच्या आधी तपासा: तुमची परीक्षा नक्की कोणत्या देशाच्या अभ्यासक्रमावर आहे? अमेरिकेच्या २०१५ च्या अन्नसुरक्षा नियमांत ॲलर्जन क्रॉस-कॉन्टॅक्ट ही वेगळी संज्ञा देऊन व्याख्याही केली आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेच्या २०२० च्या ॲलर्जन व्यवस्थापनाच्या आचारसंहितेतही तोच शब्द आहे. ब्रिटिश साहित्यात मात्र ॲलर्जनच्या बाबतीतही क्रॉस-कंटॅमिनेशन हा शब्द सर्रास वापरतात, आणि तिथली यादी चौदा ॲलर्जनची आहे. तुम्ही ब्रिटिश नोट्स वाचून अमेरिकन पेपर देत असाल तर दोन्ही पर्याय बरोबर वाटणारच. भारतात एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग नियमांतली यादी आणखी वेगळी. तिथे नुसत्या गव्हाऐवजी ग्लुटेन असलेली सगळी धान्यं धरलेली आहेत, आणि किलोला १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइटही आहे. सराव चाचणीच्या पानावर आधी आठ, नऊ की चौदा ते बघा, त्यावरून प्रश्न कुठला आहे ते बहुधा कळतं.

शेवटचा एक नेहमीचा प्रश्न. कोशिंबिरीवर शेंगदाणे घालायचे नव्हते, चुकून घातले. स्वयंपाक्याने ते वेचून काढले आणि ताट पाहुण्याकडे पाठवलं. इथे शेंगदाणे सहज दिसत होते, म्हणून काहींना वाटतं की काढल्यावर प्रश्न संपला. पण कोशिंबिरीला तेल आणि बारीक चुरा लागलेलाच असतो. जे उरलं ते क्रॉस-कॉन्टॅक्ट. उत्तर एकच: नवीन ताट, स्वच्छ भांडी, धुतलेले हात, पुन्हा पहिल्यापासून. ताट टेबलावर गेलेलं असेल आणि पाहुण्याने चूक दाखवली असेल तर ते लगेच उचलायचं, तिथेच शेंगदाणे काढत बसायचं नाही. आणि ते आत नेऊन दुसऱ्याच्या ताटासाठी वापरायचं नाही. एका पर्यायात "मॅनेजरला कळवणे" असेल तर तो नवीन ताटाच्या जोडीने बरोबर असतो, नुसता एकटा असेल तर अपुरा. ज्याला आधीच त्रास सुरू झालाय, ओठ सुजलेत किंवा श्वास लागतोय, त्याच्या प्रश्नात मात्र धुण्या-शिजवण्याचे सगळे पर्याय सोडून द्या आणि तातडीची वैद्यकीय मदत बोलावण्याचा पर्याय आधी निवडा.